ताईचं डावं

आमची ताई हॉस्पिटलात स्ट्रेचर ओढते, आणि एकवीस वर्षं उलटी चालते. मागून ढकलणारा रस्ता बघतो. ही पुढचा दांडा धरून पेशंटकडे तोंड करून मागे मागे सरकते, चेहरा पांढरा पडतोय का ते बघत. मागचा ‘डावीकडे’ म्हणाला की ताई स्वतःच्या उजवीकडे वळते.

कंबरेने आता दावा मांडला होता. खुर्चीतलं काम हवं तर कारकुनाची खात्यातली परीक्षा पास व्हायला हवी होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप. बाकी सगळं जमत होतं. दिशांच्या प्रश्नांनी मात्र जीव खाल्ला होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी, तिची धाकटी बहीण, स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले. माझा स्वभाव तसाही तापट. एक माणूस उत्तरेला नऊ मीटर जातो, उजवीकडे वळून सहा, पुन्हा उजवीकडे वळून चार, मग डावीकडे वळून सहा. निघाल्या जागेपासून तो कुठे आहे? ताईने कागदाच्या वर ‘उ’ लिहिलं, रेघा ओढल्या, अंतरं मांडली. शेवटची रेघ मात्र स्वतःच्या डाव्या हाताला नेली. उत्तर आलं सरळ उत्तरेला पाच मीटर. पर्यायांत तेही होतंच, मेलं! आधीच्या सरावात तर याच गणितात तिने चारही अंतरांची बेरीज करून पंचवीस लिहिलं होतं.

“अगं बाई, तो खाली चाललाय, त्याचं डावं तुझं डावं कसं असेल?” मी ओरडले. ताई रडवेली झाली. म्हणाली, नाही दिसत गं मला. मलाच माझी लाज वाटली. आणि तेव्हा सुचलं.

“ताई, खाली येणारा माणूस तुझ्याकडे तोंड करून येतोय. समज, स्ट्रेचर ढकलतोय. तो डावीकडे म्हणाला, तर तू कुठे सरकशील?”

ती उजव्या बाजूला सरकली. आपसूक.

पेन्सिलही मग तशीच गेली. पूर्वेला सहा आणि सहा, बारा. उत्तरेला नऊ वजा चार, पाच. निघाली जागा आणि शेवटचा ठिपका जोडला. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, पाचाचा पंचवीस, मिळून एकशे एकोणसत्तर. तेरा मीटर, ईशान्येला.

दुसऱ्या दिवशी मी केंद्राबाहेर तीन तास उभी होते. परीक्षेत नाही सुचलं तर? ती बाहेर आली तेव्हा ओठ सुकलेले. दिशांच्या प्रश्नात आधी रेघ चुकलीच होती, म्हणाली, मग खोडली. बरोबर आलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

महिन्याने पास झालेल्यांची यादी लागली. शेवटचं नाव ताईचं, एका गुणाने.

मी तिथेच रडले. ताई मात्र ड्युटीवर गेली, खुर्चीत बसायला अजून आठवडा बाकी होता. शेवटच्या दिवशी मी न्यायला गेले, तर ती अजून उलटीच चालत होती, पेशंटकडे बघत. मागचा म्हणाला, डावीकडे.