साडी बदलून आलेली मुलगी

माझी मुलगी घरात पाऊल टाकते तेव्हा चपला काढायच्या आधीच म्हणते, "आई, मी." तिला वाटतं मला बरं वाटतं. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. स्वतःच्या आईला स्वतःची ओळख रोज करून द्यावी लागणारी पोर पनवेलमध्ये दुसरी नसेल.

मागच्या वर्षी मेंदूचा झटका आला. डोक्याच्या मागच्या बाजूला, खालच्या भागात, दोन्हीकडे थोडंथोडं नुकसान झालं म्हणाले. हातपाय शाबूत, जीभ तर जास्तच शाबूत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. पण घरी आले आणि आमच्या ह्यांना विचारलं, "आपण कोण?" ते खोकले, तेव्हा ओळखलं. तो खोकला मी हजारांत ओळखीन.

चेहरा दिसत नाही असं नाही. नाक दिसतं, डोळे दिसतात, हनुवटीवरची खळी दिसते. या सगळ्यांचं मिळून एक ओळखीचं माणूस होत नाही, इतकंच. आरशातली बाईसुद्धा मीच असणार, कारण दुसरं कोणी तिथे उभं नसतं.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सुरुवातीला वस्तूंचंही तसंच झालं होतं. कापायच्या टेबलावर एक चकचकीत काहीतरी पडलेलं. दोन गोल कड्या, दोन लांब पाती, मध्ये स्क्रू, सगळं वर्णन केलं, पण ते काय आहे ते सांगता येईना. हातात घेतलं आणि बोटं कडीत गेली, त्याक्षणी कळलं, कात्री. आयुष्यभर जिच्यावर पोट भरलं तीच समोर असून अनोळखी. वस्तू हळूहळू परत आल्या. माणसं आली नाहीत.

गिऱ्हाइकांचं मी निभावून नेते. पाठमोरी बाई, तिची चाल, आवाज, खांद्याचा उतार यावरून नाव आठवतं. समोरून आली की "या, बसा" म्हणायचं आणि ती बोलेपर्यंत टेप शोधत राहायचं. माझा टेप हल्ली फार हरवतो.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे आठवड्यातून एकदा जायचे. तिथे उरणकडचे एक कोळी गृहस्थ यायचे, बायकोबरोबर. त्यांना झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आलेला. हाताची पकड अशी की मॅडमनी बोटं दिली तर त्याच कळवळायच्या. पण मॅडम म्हणाल्या, "काका, नमस्कार कसा करतात दाखवा," की काकांचे हात हवेत अडकायचे. एक हात कानाशी जायचा, दुसरा मांडीवर. स्वतःच्या हातांकडे ते असे बघायचे की मीच मान फिरवायचे.

"मुद्दाम करतान हे," बायको म्हणायची. "ताकद हाय, सांगलेला समजतंय, तरी करत नाय."

मॅडम समजावायच्या, "मावशी, मुद्दाम नाही. ताकद आहे, सांगितलेलं कळतं, पण त्या कळलेल्याची हालचाल बनवायची जागा दुखावलीय. मागितलं की येत नाही, वेळ आली की कधीकधी आपोआप येतं." आणि खरंच, निघताना काका दारात वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघून सहज हात जोडले. त्यांची बायको भिंतीला टेकून रडली. "मी किती बोललंय यांना," म्हणाली.

मी घरी येऊन हे मुलीला सांगितलं. ऐकता ऐकता तिने माझा टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "आई, आता माझं लग्न ठरलंय. मी जायच्या आधी एकदा तरी तू मला नुसतं बघून ओळखावंस. न बोलता. एकदाच."

असं कोणी मागतं का? पण तिने मागितलं, आणि मी मूर्खासारखी "हो" म्हणाले. मॅडमना विचारलं तर त्यांनी आशा लावली नाही. "खुणा पक्क्या करा," म्हणाल्या. म्हणून मी तिचे फोटो घेऊन बसायचे, डाव्या भुवईतला बारीक तुटका भाग, वरच्या ओठाची घडी, असं पाठ करायचे. फोटोत जमायचं. माणूस हलला की पाठांतर विस्कटायचं.

साखरपुडा इथल्याच एका हॉलमध्ये होता. मी तयारी करून गेले होते. मुलीची आंब्याच्या रंगाची साडी मीच निवडलेली, दुरून दिसावी म्हणून. सकाळभर मी त्या रंगावर नजर ठेवून होते आणि एकदाही चुकले नाही. पाहुण्यांना कळू द्यायचं नाही हा माझाच हट्ट. उगाच नव्या सोयऱ्यांना घोर नको.

मग मुलाच्या आईने मुलीला कुंकू लावलं, ओटी भरली, साडी दिली. आणि मी पेढ्यांची ताटं बघायला स्वयंपाकघरात गेले. ओटी भरली की मुलगी आत जाऊन सासरची साडी नेसून येते, हे मला सांगायला हवं होतं का? ती साडी कुठल्याही रंगाची असली तरी चालावा म्हणून सोनेरी ब्लाउज मी स्वतः शिवून दिला होता. पण डोक्यात आंब्याचा रंग बसला होता, तो निघेना.

ताट घेऊन बाहेर आले तर बोळात एक मुलगी उभी. जांभळी साडी, सोनेरी ब्लाउज, केसांत भरपूर गजरे. तसे ब्लाउज निम्म्या हॉलने घातले होते. ती माझ्याकडे बघून हसली, काही बोलली नाही. तिकडच्यांपैकी कोणी असेल, म्हणून मीही हसले. ताट पुढे केलं.

"घ्या ना पेढा. आमची नवरी आत तयार होतेय, तिला जरा लवकर यायला सांगता का?"

तिने पेढा घेतला. खाल्ला नाही. तशीच माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. तिचे डोळे भरून आलेले मला स्पष्ट दिसले. डोळे मला दिसतातच. मला वाटलं, काय बाई हळवी पोर.

तिच्या डाव्या खांद्यावरची पिन सुटून पदर घसरत होता. शिंपिणीचा हात, स्वस्थ राहतो थोडाच. ताट कठड्यावर ठेवून मी पदर वर घेतला, आणि बोटाखाली खांद्याच्या शिवणीला एक जास्तीची बारीक पट्टी लागली. माझ्या मुलीचा डावा खांदा जरा उतरता आहे. तो दिसू नये म्हणून तिच्या प्रत्येक ब्लाउजला मी ती पट्टी लावते. दुसऱ्या कोणाच्याही नाही.

मी माझ्या पोटच्या पोरीला अहो-जाहो केलं होतं.

हात तिथेच राहिला. मागून हॉलमध्ये सनईची टेप मोठ्याने चालू होती आणि कोणीतरी नवरीला हाक मारत होतं.

"मी बोलायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली. "उगाच हट्ट केला तुझ्याकडे."

"तुझं काही नाही गं. मीच..."

तिने पदराखालचा माझा हात वरून दाबून धरला. पुन्हा हाक आली. ती जायला निघाली, दोन पावलं गेली, आणि मग थांबून मागे वळली. आम्ही दोघी अगदी समोरासमोर होतो, मध्ये हातभर अंतर.

"आई, मी," ती म्हणाली.