दानीएल पाटोळे आणि मीटरचा लाल काटा

राहुरीहून वांबोरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कानिफनाथ गागरे यांचे दूध शीतकरणाचे एक लहानसे केंद्र होते. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर त्याच्या छतावर काळ्या काचेच्या पेट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हा रस्त्याने जाणारे लोक सायकली थांबवून वर पाहत असत. त्या पेट्यांतून फिरणारे पाणी उन्हाने तापे आणि जाड आवरणाच्या एका मोठ्या टाकीत साठे. दुधाचे कॅन धुण्यासाठी तेथे अखंड कढत पाणी लागे, आणि तोवर ते विजेच्या हीटरांवर तापवले जात असे.

हे सारे घडवून आणणारा मनुष्य म्हणजे केंद्राचा विद्युत पर्यवेक्षक दानीएल पाटोळे. सडपातळ अंगलटीचा, मितभाषी, आणि ज्या यंत्राला हात लावायचा त्याच्याकडे आधी क्षणभर आदराने पाहणारा. रविवारी तो पत्नी मरिया आणि मुलांसह प्रार्थनेस जाई. तो दिवस सोडला तर उजाडण्यापूर्वी केंद्राचे फाटक त्याच्याच हाताने उघडे. तंत्रनिकेतनातील पदविका त्याच्यापाशी होती आणि त्या ज्ञानावर त्याचा विश्वासही होता. तोच विश्वास त्या पावसाळ्यात त्याच्या कसोटीचा विषय झाला.

वीज मंडळाचे बिल दोन अंगांनी येई. एक अंग वापरलेल्या युनिटांचे. दुसरे मागणीचे: महिन्यातील सर्वांत जड अर्ध्या तासात केंद्राने सरासरी किती भार ओढला, त्याचे. मीटरच्या काचेआड एक काळा काटा दर अर्ध्या तासाला शून्यावरून निघून त्या भारानुसार पुढे सरके आणि वाटेत एका लाल काट्याला ढकलत नेई. अर्धा तास संपला की काळा काटा परते. लाल मात्र जेथवर ढकलला गेला तेथेच उभा राही. महिनाअखेरीस मंडळाचा माणूस येऊन त्याचा आकडा टिपे, सील तोडून तो शून्यावर आणी आणि नवे सील लावी. एकोणतीस दिवसांचा संयम आणि एका अर्ध्या तासाचा उतावीळपणा यांत तो काटा फक्त उतावीळपणाच स्मरणात ठेवत असे.

केंद्राने मंडळाशी शंभर केव्हीए मागणीचा, म्हणजे तेवढ्याच कमाल भाराचा, करार केला होता. दूध गार करणारे दोन्ही कॉम्प्रेसर, पंप आणि हीटरांचे तिन्ही संच एकत्र चालले की लाल काटा नव्वदीच्या आसपास जाई. सौर पेट्या बसल्यावर चैत्र-वैशाखाच्या उन्हात हीटर निद्रिस्तच राहिले आणि काटा साठीच्या थोडा पुढे थांबला. दानीएलने हिशेब मांडला, कानिफनाथांना समजावले आणि करार सत्तरावर आणवला. कराराच्या वर गेलेल्या प्रत्येक केव्हीएला चढा दर पडतो, हे दोघांनाही ठाऊक होते. पण सूर्य आपल्या बाजूने आहे, या भावनेने त्या उन्हाळ्यात दोघेही निर्धास्त होते.

आषाढात ढग आले आणि लाल काटा अठ्ठ्याऐंशीवर जाऊन उभा राहिला.

बिल हाती आल्यावर कानिफनाथ मीटरच्या खोलीत आले. माणूस रागीट नव्हता. म्हणूनच त्यांचा हलका आवाज अधिक जड वाटला.

"दानीएल, युनिटं कमी झाली, ते दिसतंय मला. पन मागनी? ती तर जिथल्या तिथं! आन वरून ह्यो दंड."

"आण्णा, चूक माझी आहे. कारण शोधतो."

"शोध. पन ऐक. ह्या महिन्याचं जाऊ दे; श्रावणाच्या रीडिंगला काटा सत्तराच्या म्होरं गेला, तर पेट्या उतरवून इकून टाकीन आन करार परत शंभरावर नेईन. मंग पुन्हा सूर्याचं नाव माझ्याम्होरं काढायचं न्हाई."

दोन दिवसांनी मंडळाचा माणूस येऊन काटा शून्यावर करणार होता. दुसऱ्या दिवशी पहाटे दानीएल मीटरपुढे उभा राहिला आणि कारण त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उलगडले. पहाटेचे दूध येते तेव्हा सूर्य उगवलेलाच नसतो. दूध कोमट असते म्हणून दोन्ही कॉम्प्रेसर एकदम चालतात. त्याच वेळी कॅन धुण्यास पाणी लागते. टाकीतील पाणी गार असेल तर स्वयंचलित बटण हीटर सुरू करते. दिवसभर पडलेले ऊन युनिटे वाचवते, पण महिन्याचे शिखर पहाटेच्या त्या अर्ध्या तासातच गाठले जाते. पहाटेला वाचवू शकते ते केवळ कालचे साठवलेले ऊन.

मग कालचे ऊन जात होते कोठे? टाकी तर रात्रभर उष्णता राखण्याजोगी होती.

उत्तर त्याला सायंकाळी मिळाले. धुण्याच्या ओट्यामागच्या नळावर बादल्या, घागरी, डबे यांची रांग लागली होती. उन्हाचे पाणी फुकटचे, अशी साऱ्यांची समजूत. कामगार तेथेच अंघोळी करीत आणि शेजारच्या वस्तीतील बायाही बाळंतिणीसाठी, म्हाताऱ्यांसाठी कढत पाणी नेत. कानिफनाथांनी अभिमानाने त्यास मुभा दिली होती. दानीएलच्या स्वतःच्या घरीही दोन बादल्या रोज जात. जेवढे कढत पाणी निघे, तेवढे विहिरीचे गार पाणी टाकीत शिरे, आणि पहाटेपर्यंत सारी टाकी कोमट होऊन बसे. उन्हाळ्यात ते कोणाला जाणवलेच नव्हते.

त्याच सायंकाळी त्याने नळाचे चाक काढून खिशात घातले.

धुण्याच्या टोळीची मुकादम झुंबरबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "का ओ दानीभाऊ, सूर्यदेवाचं बी बिल यायला लागलं का काय?"

"सूर्याचं नाही येत, मावशी. तुम्ही नेलेल्या पाण्याच्या जागी जे गार पाणी शिरतं, त्याचं येतं."

"आन तुमच्या मरियाबाईच्या बादल्या?"

"त्याही बंद. आजपासून."

"बरं झालं. आता तुमच्या अंगाचा बी वास आमाला येऊ द्या," असे म्हणून ती घागर घेऊन निघून गेली. बाया हसल्या, पण ते हसणे प्रसन्न नव्हते. पुढे कित्येक दिवस ओट्यावर त्याच्याशी कोणी आपण होऊन बोलले नाही.

त्याने आणखी एक व्यवस्था लावली. स्वयंचलित बटण बंद केले. आभाळ भरले असेल तर दुपारीच, कॉम्प्रेसर विसावलेले असताना, हीटर लावून पाणी तापवून ठेवायचे आणि पहाटे त्यांना हात लावायचा नाही. युनिटे तीच जळतील, पण दोन भार एकमेकांच्या खांद्यावर चढणार नाहीत. मंडळाचा माणूस काटा शून्यावर करून गेला. श्रावण ढगाळ गेला, तरी लाल काटा त्रेसष्टावर स्थिर राहिला.

रीडिंग जवळ आले असताना एका दुपारी वाऱ्याने खांब पडला आणि वीज गेली. ती परतली तेव्हा सायंकाळचे दूध आले होते. दोन्ही कॉम्प्रेसर चालू असल्याने हीटर लावणे शक्य नव्हते. त्या धुण्यात उरलेसुरले कढत पाणीही संपले. रात्री वीज पुन्हा गेली ती पहाटेच आली. पहाटे दानीएलने टाकीतून निघणाऱ्या धारेखाली तळहात धरला. पाणी अगदी गार होते.

म्हैसगाव आणि ताहाराबादचे टेम्पो एकापाठोपाठ फाटकात शिरले. यंत्रचालक आसारामने दोन्ही कॉम्प्रेसर चालू केले. म्हैसगावचा चालक गोरक्ष रिकाम्या कॅनांसाठी ओट्यावर येऊन थांबला. धुतलेले कॅन परत नेल्यावाचून त्याला गावात तोंड दाखवता येत नसे.

"पानी कढत न्हाई," झुंबरबाईने वार्ता दिली. "हीटर लावा."

दानीएल मीटरच्या खोलीत धावला आणि तेथल्या खटक्याने त्याने एकच संच लावला. काळा काटा संथपणे निघाला होता. कॉम्प्रेसर-पंपांचे साठ आणि एका संचाचे नऊ: बेरीज एकोणसत्तर. भाराची जराशी चढउतार, आणि सत्तर ओलांडलेच.

"आवो, एका हीटरनं चहा बी व्हनार न्हाई," गोरक्ष ओरडला. "आमी काय पाळण्यात झोपायला आलोय का? गावात दुसऱ्या येळंचं दूध कशात घालायचं, तुमच्या टोपीत?"

गलबला ऐकून कानिफनाथ आले. "काय चाललंय? लाव की तिन्ही."

"आण्णा, तिन्ही लावले तर काटा अठ्ठ्याऐंशीवर जाईल. अर्धा तास पुरे आहे त्याला."

"मंग एक कॉम्प्रेसर बंद कर."

आसारामनेच मान हलवली. "दूध नासंल, आण्णा. ह्या हवेत न्हाई टिकायचं."

"मंग कॅन गार पान्यानं धुवा आन द्या."

"मी न्हाई देनार," झुंबरबाई ठामपणे म्हणाली. "गार पान्यानं कॅनातली चिकटी निघत न्हाई. सांच्याला समदं दूध आंबट यील, आन शेतकरी माझ्या नावानं शिव्या देतील."

काळा काटा लाल काट्याला टेकला आणि त्याला हळूच पुढे ढकलू लागला. चौसष्ट. सहासष्ट. अर्धा तास पुरा व्हायला अवकाश होता. दानीएलने हात लांबवून तो एक संचही बंद केला.

"तू काय केलंस?" कानिफनाथ म्हणाले.

"आधी दूध गार होऊ द्या. एक कॉम्प्रेसर मोकळा झाला की दोन संच लावतो. तोवर टेम्पो थांबले पाहिजेत. थांबवणं माझ्या हातात नाही, आण्णा. तुमच्या आहे."

कानिफनाथांनी काचेतून काट्यांकडे पाहिले. ते पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. मग ते ओट्यावर गेले.

"गोरक्ष, टेम्पो बंद कर. कॅन कढत पान्यानं धुऊनच मिळतील. उशीर माझ्या नावावर. गावात कोनी बोललं तर मला फोन लावायला सांग. आन समद्यांना चहा सांगा."

"चहा तरी कशावर करनार, आण्णा?" गोरक्ष कुरकुरला; पण टेम्पोचे इंजिन बंद झाले.

काळा काटा अडुसष्टावर थांबला, आणि अर्धा तास पुरा होताच खाली परतला. लाल तेथेच राहिला. आसारामने दुसरा कॉम्प्रेसर बंद केल्याची हाक दिली, तेव्हा दानीएलने हीटर लावले. पाणी वाफाळू लागल्यावर झुंबरबाईने पदर खोचला आणि टोळीला हाका घातल्या. टेम्पो निघाले तेव्हा ऊन ढगांआडून पेट्यांवर उतरत होते.

पुढच्या आठवड्यात मंडळाचा माणूस आला. त्याने अडुसष्ट लिहून घेतले, काटा शून्यावर आणला, सील लावले. कानिफनाथ मागे उभे होते.

"पेट्या राहू दे वर," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "हिवाळ्यात दूध वाढलं की?"

"तेव्हा सत्तरात बसणार नाही, आण्णा. करार थोडा वाढवून घ्यावा लागेल. शंभर नको, पण सत्तर मी फार घाईने मागितले होते. अर्ज ह्याच आठवड्यात करू."

कानिफनाथांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. "किती?"

"ह्या खेपेला पावसाळ्यातली पहाट धरून सांगतो. दोन दिवस द्या."

"घे," एवढेच बोलून ते निघून गेले. दुपारचे आभाळ पुन्हा भरून आले होते. दानीएलने आसारामला हाक मारली, आणि वीज जाण्याआधी हीटर लावून घ्यायला सांगितले.