शेवटच्या ओळीतलं नाव

अंगठा करंगळीवर दोनदा, मग शेजारच्या बोटावर दोनदा, असं करत तर्जनीपर्यंत आला की आमचे मामा थांबायचे. चार बोटं, आठ ठोके. मग म्हणायचे, "आठ भरले का बघा, सर." मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे मोजणी माझ्याकडे. बाकी अक्कल त्यांची.

मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. जवळा बाजारपासून थोड्या अंतरावर आमचं गाव आणि गावाच्या टोकाला शाळा. शाळेत शिपायाला मामाच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपटापलीकडे फारसं कुणी वापरत नसे. मीही ते इथं लिहिणार नाही. कारण पुढं कळेल, आणि ते मला फारसं शोभणारं नाही.

मामा पदं करायचे. संतांची जशी चाल असते तशीच, पण शब्द सगळे घरातले. आठ अक्षरांची एक ओळ, आठची दुसरी, आणि दोन्हींच्या शेवटी यमक. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही, कान म्हणेल ते खरं. झाडताना ओळ जुळवायची, पाणी भरताना तपासायची आणि नळावरच्या बायकांना ऐकवायची. एखादीनं "म्हंजी काय?" विचारलं की ती ओळ गेली. त्यांची मला सगळ्यात आवडलेली ओळ अशी:

उंबरठा खाली लोळे । त्यास हळदीचे टिळे

विषय कायम एकच, लहान होऊन राहावं. पण 'नम्र' हा शब्द मी त्यांच्या एकाही पदात ऐकला नाही. एकदा मीच शहाणपणा करून तो सुचवला. मामा हसले. "म्या नम्र हाय म्हणलं की गेला की वो नम्रपणा."

पदाच्या शेवटच्या जोडीत 'अमका म्हणे' असं करणाऱ्याचं नाव यावं लागतं. तिथं मामा अडायचे. आपलं नाव घालायला त्यांना भारी लाज. "पाया पडायला वाकावं अन् वाकताना सावली कशी पडली ते बघावं, तसं हाय ते," म्हणायचे. यावर त्यांनी तोड काढली होती. ज्याच्यासाठी पद, त्याचं नाव शेवटी. गावात कुणाची वास्तुशांत असो, कुणाची पंच्याहत्तरी असो, माणसं नारळ घेऊन यायची आणि मामांकडून आपल्या नावाचं पद करून न्यायची. नाव तीन अक्षरी असलं तर ओळ सरळ बसायची, दोन अक्षरी असलं तर मामा एक अक्षर दिवसभर हुडकायचे. गावाला याचं मोठं कौतुक होतं. आम्ही सगळे नम्र होऊन आपापली नावं गाऊन घेत होतो.

गंगूआजीचं पद मला पाठ आहे:

दळे जाते फिरे जाते । पीठ दुसऱ्याचे होते
गंगू म्हणे मज देवा । जात्यापाशी जागा ठेवा

देवळात हे पद झालं आणि पंधरवड्यात आजी गेली. ऐंशीच्या पुढची बाई होती, कुणाला काही वाटलं नाही. उलट म्हातारीचं सोनं झालं म्हणाले.

पुढं किसननं नवं घर बांधलं. चाळिशीतला गडी, स्वतःचा ट्रॅक्टर, बोलणं मोठं. त्याच्या बायकोनंच मामांना सांगितलं, जरा जमिनीवर राहील असं काही करा.

भरले कणीस वाके । रिते ताठ उभे ठाके
किसन म्हणे मी रिता । भर मज भगवंता

वास्तुशांतीला किसननं स्वतः टाळ घेऊन हे म्हटलं. महिन्याच्या आत बाळापूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उलटला आणि तो खाली सापडला. तिसऱ्या दिवशी राख सावडून परतताना कुणीतरी 'मी रिता' या शब्दांवर बोट ठेवलं. दुसऱ्यानं गंगूआजीची आठवण काढली. एवढंच झालं. त्यानंतर गावात कुणी मामांकडे नारळ नेला नाही.

मामांच्या लक्षात यायला वेळ लागला. नळावर ते ओळ म्हणू लागले की बायका भरल्या न भरल्या घागरी उचलायच्या. हॉटेलात बसले की शेजारचा उठायचा. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे फार अदबीनं वागायला लागले. नाव विचारलं तर सांगायचं टाळू लागले. लहान लेकरांची नावंसुद्धा त्यांच्या कानावर पडू देत नव्हते. मी चारचौघांत या सगळ्याची टर उडवायचो. संभाव्यता, योगायोग, सगळं फळ्यावर मांडून दाखवायचो.

आता माझं सांगतो. मी मुख्याध्यापक झालो तेव्हा मामांनी माझ्यासाठीही पद केलं होतं, आणि ते प्रयोगशाळेच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेलं होतं:

खडू झिजे त्याचे काही । फळ्यावर नाव नाही
माधव म्हणे मी खडू । झिजताना नको रडू

दोन वर्षं मी त्या भिंतीखालून रुबाबात ये-जा केली. किसन गेल्यावर मात्र तिथून जाताना नजर वर जाईना. छातीत एकदा बारीक कळ आली, पित्ताची असेल. 'झिजताना' हा शब्द जेवताना आठवायला लागला. बायकोनं एकदा विचारलं की शाळेला यंदा चुना नाही का देणार. रविवारी मी स्वतः बादली आणि कुंचा घेऊन गेलो आणि ती एक भिंत पांढरी केली. सोमवारी मामा आले, भिंतीपुढं क्षणभर उभे राहिले आणि घंटा द्यायला गेले. संध्याकाळी म्हणाले, "चुना पातळ झाला, सर. निळं खालून दिसून राहिलंय. आणखी एक हात द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यानंतर आठेक दिवसांनी एक माणूस मधल्या सुट्टीत नारळ घेऊन शाळेत आला. इतक्या दिवसांनी नारळ आला म्हणून मामांचा चेहरा उजळला. दोघे कडुलिंबाखाली बसले. पाच मिनिटांत मामा उठून माझ्या खोलीत आले आणि न विचारता खुर्चीवर बसले. उभ्या नोकरीत ते माझ्यासमोर खुर्चीवर बसले नव्हते. त्या माणसाचा चुलतभावाशी बांधावरून वाद होता. त्याला पद हवं होतं, शेवटी चुलतभावाचं नाव घालून.

"आजवर भीत होते तवर ठीक होतं," मामा म्हणाले. "आता माझ्या ओळीनं माणूस मारायला निघाले, सर. हे म्याच थांबवाया पायजे."

कसं थांबवणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांचा अंगठा मात्र बोटांवरून फिरत होता.

गावातला सप्ताह लागला. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाआधी, भर दुपारी, मंडपात भजन चालू होतं. मीही टाळ घेऊन रांगेत होतो. मामा पुढं आले. त्यांना बघून मृदंगवाल्याचा हात हलका झाला. त्यांनी माझंच पद धरलं. पहिली जोडी झाली, आम्ही मागं म्हटली. मग शेवटची ओळ आली आणि 'माधव'च्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं. त्यांचंही तीन अक्षरी, तंतोतंत बसलं. जन्मभर ज्या ठिकाणी पाय ठेवला नाही तिथं ते सगळ्या गावासमोर उभे राहिले.

म्होरक्यानं म्हटलेली ओळ मागच्यांनी उचलायची असते. ती कुणी उचलली नाही. मामांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, मग तिसऱ्यांदा. मंडपात दोनेकशे माणसं होती आणि एकटा त्यांचा आवाज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळ माझी होती, चालही मला पाठ होती. मी टाळाच्या दोरीची गाठ नीट करत बसलो.

मग गाव वाट बघायला लागलं. खोटं कशाला बोलू, मीही बघत होतो. सकाळी शाळेच्या फाटकाशी त्यांची टोपी दिसली की मी श्वास सोडायचो. हॉटेलवाला त्यांच्याकडून चहाचे पैसे घेईना. वाटेत माणसं उगाच त्यांच्या पाया पडू लागली, जाणाऱ्याच्या पडतात तशी. मामा हसून म्हणायचे, "हाय अजून मी." महिना गेला, दोन गेले, पावसाळा गेला. बांधावरचा तो चुलतभाऊ, ज्याचं पद मामांनी केलंच नव्हतं, धडधाकट फिरत होता. लोकांची भीती थोडी विरली. पण मामांनी नंतर एकही ओळ केली नाही. विचारलं तर म्हणायचे, "एकदा सही केली, आता कागद संपला."

उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, बाजेवर बसल्या बसल्या ते गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. त्यांचं वय साठीला टेकलं होतं आणि ऊन मरणाचं होतं. मी हे सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणाचाही विश्वास बसला नाही, माझ्यासकट.

तेराव्याला भजन ठेवलं होतं. त्यांची एकुलती लेक बाळापूरला दिलेली. तिची इच्छा, बापाचं पद बापाच्या दारात व्हावं. कुणी पुढं होईना, तेव्हा ती माझ्याकडे आली. "सर, खडूचं म्हणा. तुमचंच हाय ते, आबा सांगायचे."

मी उभा राहिलो. शेवटची ओळ आली. मेलेल्या माणसाचं नाव घ्यावं तर धीर होईना. माझं घ्यावं तर जीभ रेटेना. मी म्हटलं, "मामा म्हणे मी खडू." एक अक्षर कमी पडलं. ठेका रिकाम्या जागी आपटला आणि टाळ एकमेकांत अडकले.

लेक माझ्याकडे बघत होती. तिला कळलं. रागावली नाही. "आबा म्हणायचेच, सर भितात म्हणून," एवढं हळू बोलली. पदर खोचून तिनं माझ्या हातातले टाळ घेतले आणि खड्या आवाजात, स्वतःचं नाव घालून, म्हटलं:

सुमन म्हणे मी खडू । झिजताना नको रडू

या वेळी ओळ उचलली गेली. आधी बायकांनी उचलली, मग सगळ्यांनी. मीही म्हटली. पण नाव आलं तिथं माझे ओठ मिटलेले होते.

याला आता वर्ष होत आलं. दर दोन-तीन दिवसांनी मी बाळापूरला फोन लावतो. काय चाललंय, ऊन कसंय, जेवण झालं का, असलं काहीबाही विचारतो. तिला वाटतं सरांना फार माया आहे. परवा म्हणाली, "आबा गेल्यापासून तुमीच इचारता, बघा." तिचा आवाज ऐकला होता, मला तेवढंच हवं होतं. मी फोन ठेवला.