माइक हातात आल्यावर

चौलला आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीतच मुलीचं लग्न केलं. मंगलाष्टकं झाली, हार घातले गेले, आणि पंगती बसण्यापूर्वी चार शब्द बोलायला माइक माझ्या हाती आला. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे लेकीने आधीच बजावलं होतं, "बाबा, लोकांना भुका लागलेल्या असतात. थोडक्यात आटपा."

पाहुणे उरणहून बस करून आले होते. शेती आणि ट्रकचा धंदा असलेलं मोठं कुटुंब. मांडवात मात्र त्यांची मंडळी उजवीकडे, आमची डावीकडे. मधल्या वाटेवरून कोणी इकडचं तिकडे जाईना. हसत होते सगळे, पण आपापल्यातच.

मी सुरुवात केली. वडीलधाऱ्यांना नमस्कार केला, लांबून आलेल्यांचे आभार मानले. आठवडाभर मांडवासाठी राबलेल्या शेजाऱ्यांचे, गुरुजींचे आणि पहाटेपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या आचाऱ्यांचेही मानले. मग व्याह्यांकडे वळलो. आधी जावयाच्या आजीला हात जोडले, मग व्याही-विहीणबाईंना. म्हणालो, "तुम्ही आमच्या मुलीला पसंत केलंत, आणि आम्हालाही आपलं म्हटलंत. आमच्या घरी तुमचं मनापासून स्वागत."

पुढे नेहमीचं वाक्य तयार होतं: काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. पण ती मधली रिकामी वाट दिसली आणि मी थांबलो. लेक डोळे वटारून बघत होती. तिला वाटलं, आता बाबा सुटले.

"आमच्याकडच्या मंडळींना एक विनंती आहे," मी म्हणालो. "पंगतीला एकटं कोणी जाऊ नका. समोरच्या एकेका पाहुण्याचा हात धरा, त्यांना घेऊन जा आणि शेजारी बसा. मी आजींना नेतो."

आमची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आजी खणखणीत आवाजात बोलल्या, "आमाला वाटला, मास्तर आता शाला भरवतील! चला, हात द्या!"

मांडव हसला. माझी बहीण उठली आणि विहीणबाईंना घेऊन निघाली. माझे शाळेतले जुने सहकारी बसच्या ड्रायव्हरला आग्रह करू लागले. व्याह्यांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "आभार आम्ही मानायचे. तुम्ही लेक दिलीत, आणि जेवणही!" मग त्यांनी मला घट्ट मिठी मारली. तेव्हा मात्र माझा चष्मा धुरकटला.

पंगतीत आजींनी माझ्या पानात जिलबी वाढायला लावली. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, "पाहुना मी हाय का तुमी? खा गुमान!" समोरच्या रांगेत माझी बायको आणि विहीणबाई सोलकढीच्या वाट्या हातात धरून कशावरून तरी इतक्या हसत होत्या, की वाढपी ताटकळत उभा राहिला होता.