पानाचा निरोप

माझा धाकटा भाऊ कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करतो. हातात कायम पाना, म्हणून कारखान्यात त्याचं नावच पाना पडलं. वय सेहेचाळीस, लग्न नाही, आणि बोलणं म्हणाल तर दिवसाला दहा वाक्यं. त्यातली सहा मशीनशी.

काजाच्या मशीनवर दोन वर्षांपूर्वी एक बाई आली, परप्रांतातली. तिची भाषा याला येत नाही, याची तिला येत नाही. खाणाखुणा आणि मोबाईलमधलं भाषांतराचं अ‍ॅप, एवढ्यावर त्यांचं चालायचं. तिचं मशीन व्यवस्थित चालू असलं तरी हा तेल घालायला जायचा. सगळ्या कारखान्याला कळलं होतं, फक्त या दोघांनी एकमेकांना सांगायचं राहिलं होतं.

तिचं कंत्राट संपलं. शनिवारची गावाकडची गाडी ठरली. त्याआधीच्या सोमवारी पाना माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, तिला एक निरोप पाठवायचाय. चुकून भलतंच गेलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

मी म्हटलं, अरे, हे तर माझं रोजचं काम! मी औषधांची माहितीपत्रकं तपासते. पत्रक दुसऱ्या भाषेत गेलं की ज्याने मूळ पाहिलेलंच नाही अशा माणसाकडून ते उलट आपल्या भाषेत आणायचं आणि मूळ मजकुराशी ताडून बघायचं. वीस वर्षं करतेय. माझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही, असा माझा तोरा.

त्याने मराठीत लिहिलं, अ‍ॅपने तिच्या भाषेत केलं. तो मजकूर मी दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये टाकून मराठीत आणला, कारण त्याच अ‍ॅपला विचारलं तर ते स्वतःचीच चूक झाकायचं. "तुम्हाला त्रास द्यायचा नाही" हे परत येताना "तुम्हाला इजा करायची नाही" झालं. पानाला घाम फुटला. ते वाक्य सोपं केलं, पुन्हा फिरवलं. चौथ्या खेपेला सगळं तंतोतंत जुळलं.

"पाठव," मी म्हटलं.

"टेम्पोवाल्याला दाखवतो आधी," पाना म्हणाला. टेम्पोवाला त्याचा डबा खायचा सोबती, तिच्याच भाषेचा, बारा वर्षं इथे. मी बजावलं, "बरोबर आहे का, असं विचारू नकोस. भिडेपोटी तो होच म्हणेल. कोणाला, कशासाठी, काही सांगू नकोस. वाचून काय कळलं, एवढंच विचार."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मीही गेले. टेम्पोवाल्याने हात पुसून मोबाईल घेतला आणि दोनदा वाचलं. "भाषा चांगली आहे. कोणीतरी निरोप घेतोय," तो म्हणाला. "पुन्हा भेटायचं नाहीये त्याला. चांगला माणूस दिसतो बिचारा."

पानाचा चेहरा उतरला. मी अ‍ॅपच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली, आणि मग टेम्पोवाल्याच्या हातून मोबाईल घेऊन पानाचं मूळ मराठी पहिल्यांदा नीट वाचलं. "तुमच्यासोबत काम करून आनंद झाला. तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही. उत्तर दिलं नाही तरी चालेल. जिथे असाल तिथे सुखी राहा."

भाषांतर अगदी चोख होतं. माझ्या भावाने मागितलंच काही नव्हतं! आणि मी बाई, शब्दाला शब्द लावत बसले, मूळ काय म्हणतंय ते बघितलंच नाही. आपल्या हुशारीची मला लाज वाटली.

"अरे, तुला हवंय काय?" मी ओरडलेच. "ते लिही की!"

पानाने डब्याचं झाकण लावलं. मग लिहिलं: "जाऊ नका. तुम्ही मला आवडता. माझ्याशी लग्न कराल का?" पुन्हा फिरवून पाहिलं, जुळलं. पण टेम्पोवाल्याला आता सगळं ठाऊक झालेलं, त्याचं वाचणं काय कामाचं? त्याने बायकोला फोन लावला आणि काही न सांगता वाचून दाखवलं. पलीकडून आवाज चढला. तो हसायला लागला.

"ती विचारतेय, आपलं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हे आज का विचारतोयस?"

पानाने डोळे मिटून बटण दाबलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. पाना जेवेना. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते, की पहिला निरोप गेला असता तर निदान इज्जत तरी राहिली असती. गुरुवारी संध्याकाळी तो भांडी घासत होता आणि मोबाईल वाजला. मराठीत होतं.

"आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. शनिवारचे तिकीट मी रद्द केले आहे. उत्तरास विलंब झाला, कारण हा मजकूर मी सात वेळा उलट करून तपासला आहे. कृपया हसू नये."

पानाने साबणाच्या हातानेच मोबाईल माझ्यापुढे धरला. "ताई, बघ ना. बरोबर आहे ना सगळं?"

"मूळच बरोबर आहे रे," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.