गुबगुबीत म्हणून सुटलेली पोर

आमच्या मुलांच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना देवाने एक्स-रेचे डोळे दिले होते, असा त्यांचा स्वतःचा पक्का समज होता. पोराकडे एकदा पाहिलं की ते कुपोषित आहे की नाही, हे त्यांना कळायचं. वजनकाटा आमच्यासारख्या अडाण्यांसाठी. मी तिथे आहारतज्ज्ञ होते, म्हणजे त्यांच्या भाषेत 'त्या खिचडीवाल्या मॅडम'.

दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची पोषणाची चाळणी करायची, असा नियम नुकताच आला होता. चारच प्रश्न. उंचीच्या मानाने वजन फार कमी आहे का? अलीकडे वजन उतरलंय का? आठवडाभरात खाणं कमी झालंय का? आणि आत्ताच्या आजारामुळे खाणं किंवा अंगी लागणं अडेल का? सिस्टर उत्तरांचे गुण लावायच्या. दोन किंवा जास्त झाले की मला बोलवायचं. एक आला तर लक्ष ठेवून तीन दिवसांनी पुन्हा बघायचं. शून्य असेल तर आठवड्याने.

एका सकाळी राउंडला डॉक्टर एटापल्लीकडच्या एका मुलापाशी थांबले. पायात काटा मोडून गळू झालेलं, ते फोडून साफ केलं होतं. पोरगा सडपातळ, काळासावळा, हाडाचा काटक.

"जंगलातला ना? मग कुपोषित. मॅडम, याला घ्या," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, याचे गुण शून्य आहेत."

"गुण राहू द्या, डोळे उघडून पहा."

मी डोळे उघडूनच पाहिलं. पोराने भाताची थाळी चाटून पुसून संपवली होती आणि तो शेजारच्या खाटेवरच्या केळ्याकडे बघत होता. वजन उंचीला साजेसं होतं. मागे अंगणवाडीत धाकट्या भावासोबत यालाही तोललं होतं, त्यापेक्षा ते वाढलेलंच होतं. त्याचा बाप स्वतःच्या दंडाकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, आमी समदेच असे हावो. कमी काय हाये त्याले?" काहीच कमी नव्हतं. कमी होतं ते पाहणाऱ्याकडे.

पुढच्या खाटेवर बल्लारपूरच्या एका कापड दुकानदाराची मुलगी होती. दहा-अकरा वर्षांची, गोल गालांची. कित्येक आठवडे पोट दुखत होतं, जुलाब होत होते, संध्याकाळी बारीक ताप यायचा.

"हिला खिचडीवाल्या मॅडम नकोत," डॉक्टर हसले. "हिला डाएटिंग शिकवा. थोडं उतरलं तर बरंच दिसेल." मागे उभे असलेले शिकाऊ डॉक्टरही हसले. हसणं हाही त्यांच्या शिक्षणाचा भाग असावा. मुलगी चादर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे वळली.

राउंड पुढे गेल्यावर मी तिच्या आईजवळ बसले.

"दोन घास खाल्ले का पोट धरून बसते, बाई," आई म्हणाली. "आठ दिस झाले, चाय-बिस्कुटावर आहे. ईदले शिवलेला ड्रेस खांद्यावरून उतरून राह्यला. घरी सगळे म्हणतात, अच्छा हुआ, मोटी थी."

उंचीच्या मानाने वजन ठीक, म्हणून तिथे शून्य. पण वजन उतरलेलं, खाणं घटलेलं, आजार अंगी लागू न देणारा. सिस्टरांनी तीन गुण लावले होते. मी जेवणाची आखणी करायला घेतली, तेवढ्यात डॉक्टर परत आले.

"तुम्हाला इथे कोणी बोलावलं?"

"तिच्या गुणांनी, सर."

"अहो, ती गुबगुबीत आहे!"

"महिन्याभरापूर्वी आपल्याच ओपीडीत वजन केलं होतं. त्यापेक्षा आज बरंच कमी भरलं. गुबगुबीत माणूस उपाशी राहिला तर तोही उपाशीच असतो."

त्यांनी नाक मुरडलं, पण या वेळी मागचे शिकाऊ डॉक्टर हसले नाहीत.

मी आईला सांगितलं, इतके दिवस पोट रिकामं आहे, एकदम भरवायचं नाही. थोडं थोडं, वाढवत न्यायचं. उपाशी अंगात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार घसरून जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी ते तपासून घ्या, असं मी डॉक्टरांना लिहून दिलं. त्यातलं फॉस्फेट कमी निघालं. ते औषधाने भरून काढलं, थायमिन हे ब जीवनसत्त्व सुरू केलं, मगच मऊ भात, अंडं, दही असं वाढवलं. घरून बिर्याणीचा डबा आला होता, तो मी आईलाच खायला लावला.

इतकं वजन उतरलंय म्हटल्यावर पुढच्या तपासण्या झाल्या आणि आतड्यांचा क्षयरोग सापडला. औषधं सुरू झाली. काही दिवसांनी पोरगी स्वतःहून "भूक लागून राह्यली" म्हणाली, तेव्हा तिची आई पदराने डोळे पुसत व्हरांड्यात निघून गेली.

डॉक्टरांनी शिकाऊंना ती केस मोठ्या थाटात समजावली. "मला पहिल्या दिवसापासून शंका होती," म्हणाले. मी ऐकलं आणि दुसऱ्या खाटेकडे वळले. तिथे एक नवं बाळ आलं होतं, आणि त्याचं वजन न करताच कोणीतरी 'ठीक दिसतंय' म्हणून गेलं होतं.