पोट दगड झालं, चला!

आमच्या घरात कळ ओळखायची एकच पद्धत होती. आई सुनेच्या पोटावर हात ठेवायची आणि सांगायची, "दगड झालंय. चला!"

झालं. दादा रिक्षा आणायला, मी पिशवी घेऊन, वहिनी जिना उतरतेय. नव्वदच्या दशकातल्या आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये लिफ्ट असायची, चालू नसायची. वहिनीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी. नववा महिना नुकताच भरला होता. पंधरवड्यात दोनदा आम्ही प्रसूतिगृहात पोचलो आणि दोनदा परत आलो. पोचेपर्यंत कळा गायब! दुसऱ्यांदा तर सिस्टर खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. "खोट्या कळा. घरी न्या."

खोट्या म्हणजे काय? बाईचं पोट आवळतंय, श्वास अडकतोय, आणि तुम्ही शिक्का मारून मोकळ्या. घरी आल्यावर दादाने री ओढली, "तिसरा प्रयोग कधी? तिकिटं काढून ठेवतो." वहिनी हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला. मला दादापेक्षा त्या सिस्टरचा जास्त राग आला. मी तेव्हा बायकांच्या आरोग्यावर पत्रकं वाटत भाईंदरभर फिरायचे, आणि माझ्याच घरातल्या बाईला कुणी एक वाक्य धड सांगत नव्हतं.

पुढच्या तपासणीला मी वहिनीबरोबर गेले आणि डॉक्टरीणबाईंसमोरच्या खुर्चीत बसून राहिले.

"तपासणी झाली," त्या म्हणाल्या.

"झाली. आता फरक सांगा."

"कसला?"

"खऱ्या-खोट्याचा. तुम्ही शिकलात, आम्ही नाही. सांगा म्हणजे आम्ही उगाच येणार नाही."

शेवटचं वाक्य कामाला आलं. त्यांनी पेन ठेवलं. "पोट दोन्हीत कडक होतं. त्यावरून काही कळत नाही. खोट्या, म्हणजे सरावाच्या कळा कशाही येतात, वाढत नाहीत, बहुतेक पुढेच आवळतं. पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं, कूस बदलली, थोडं चाललं की ओसरतात. खऱ्या ओसरत नाहीत. बहुतेक वेळा कमरेतून निघून पुढे येतात. दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. भर कळेत बोलता येत नाही. रक्ताचा अंश असलेला चिकट स्राव दिसू शकतो. अंगावरून पाणी गेलं, रक्त जायला लागलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न बघता यायचं."

मग वहिनीकडे वळून, "पाणी किती पिता?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं. टँकर येईल न येईल, म्हणून ही बाई तांब्या मोजून वापरायची आणि स्वतःच्या घशातलं पाणी वाचवायची. त्याच कोरड्या अंगाने बादल्या उचलायची आणि पोट आवळायचं!

"पाणी कमी पडलं की या सरावाच्या कळा जास्त जाणवतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवला आणि बादली उचलू दिली नाही. पोट आवळलं की ती पाणी प्यायची, कुशीवर पडायची, आणि कळ ओसरायची.

मग तो रविवार आला. टँकर आला होता, दादा पाइप धरून खाली. वहिनी ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, कंबर धरलीय."

आईने पोटावर हात ठेवला. "छे! मागच्या वेळेइतकं कडक नाही. दूध-तूप देते, पडून राहा."

पाणी झालं, लघवीला जाऊन झालं, कूस बदलून झाली. कळ थांबली नाही, उलट पुढची लवकर आली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. अंतर आकसत होतं. मी खिडकीतून ओरडले, "दादा, रिक्षा!"

"पुन्हा? अख्खी बिल्डिंग हसतेय. जरा थांब ना!"

त्यावर वहिनीच दाराशी आली. "वन्सं, यांना सांगा, ही ती खोटी कळ नाही. रक्तही दिसलंय." पुढचं तिला बोलता आलं नाही. चौकट धरून ती वाकली.

आईने दूध-तुपाची वाटी खाली ठेवली. मी पुन्हा ओरडले. दादाने पाइप टाकला. पाणी रस्त्यावर वाहू लागलं आणि खालच्या बायका दादावर तुटून पडल्या. "अरे भैया, पानी!" तो थांबला नाही.

प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या भडकल्याच. "गर्भाशयाचं तोंड निम्म्याहून जास्त उघडलंय! इतक्या उशिरा आणता? आधी दोनदा कशाला धावलात? तुम्हा लोकांना कधी…"

माझं डोकं सटकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीने एका हाताने माझं मनगट आवळलं आणि दुसरा हात 'थांबा' म्हणून डॉक्टरीणबाईंपुढे धरला.

"मॅडम, भांडण मागाहून. कळ आली."